भाव का चढला? आकृतीसह लिहिलेले उत्तर तपासताना

पूर्व परीक्षेचे गठ्ठे समोर आले की अर्थशास्त्राच्या शिक्षकाची लाल लेखणी एका ठिकाणी हमखास थबकते. शेवटचा प्रश्न, सविस्तर उत्तर, आठ गुण. पानाच्या मधोमध पट्टीने आखलेली सुबक आकृती असते. खाली दीड पान मजकूर असतो, व्याख्या पाठ्यपुस्तकातली, अक्षर नीट. वाचताना कुठेही चूक सापडत नाही. तरीही वाचून झाल्यावर जाणवते की भाव का चढला, हे विद्यार्थ्याने कुठेच सांगितलेले नाही. अशा उत्तराला किती गुण द्यायचे? एक शिक्षक सात देतो, दुसरा चार, आणि दोघांनाही आपले कारण धड मांडता येत नाही. हा लेख त्या सात आणि चारमधल्या फरकाबद्दल आहे.

मी कुरुंद्यात बारावीला शिकवतो. वसमत तालुक्यातले हे गाव हळदीच्या पट्ट्यात येते, म्हणून सरावासाठी मी प्रश्नही हळदीचाच देतो: ‘अतिवृष्टीमुळे हळदीचे उत्पादन घटले. इतर परिस्थिती स्थिर असताना हळदीची समतोल किंमत व विक्रीचे प्रमाण यांवर होणारा परिणाम आकृतीच्या साहाय्याने स्पष्ट करा.’ जुलै २०२२ मध्ये आसना नदीचे पाणी कुरुंद्यात शिरले, ते या मुलांनी डोळ्यांनी पाहिले आहे. शेतात पाणी साचले की हळदीचा कंद कुजतो, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. त्यामुळे या प्रश्नात घटना समजायला वेळ जात नाही आणि मुलाला विचार जोडता येतो की नाही, तेवढेच तपासता येते.

गठ्ठा सोडण्यापूर्वी एक काम करा. उत्तर स्वतः लिहून काढा, आणि आकड्यांसह लिहा. आदर्श उत्तर छापील मिळाले असले तरी हे करा, कारण छापील उत्तरात मुद्दे असतात, पण त्यांना जोडणाऱ्या कड्या बहुतेक वेळा वाचणाऱ्याने मनात भरायच्या असतात. मी घेतो ते आकडे काल्पनिक आणि सोपे आहेत. क्विंटलला ८,००० रुपये भाव असताना मागणी ६०० क्विंटल आणि पुरवठाही ६०० क्विंटल. भाव हजाराने चढला की मागणी ५० क्विंटलने घटते आणि पुरवठा ५० क्विंटलने वाढतो. आता पाऊस झाला आणि प्रत्येक भावाला पुरवठा २०० क्विंटलने कमी झाला. म्हणजे ८,००० ला आता ४०० क्विंटलच माल येणार, पण घेणारे मागतात ६००. तुटवडा २०० क्विंटलचा. भाव ९,००० झाला तर मागणी ५५०, पुरवठा ४५०, तुटवडा १०० वर आला. १०,००० ला दोन्ही ५०० वर जुळतात. नवा समतोल तिथे.

या छोट्या हिशेबाने एक गोष्ट उघडी पडते, आणि पेपर तपासताना ती फार उपयोगी ठरते. पुरवठा प्रत्येक भावाला २०० ने घटला, पण प्रत्यक्ष विक्री १०० नेच घटली. उरलेले १०० क्विंटल कुठून आले? भाव चढल्यामुळे ज्यांनी माल राखून ठेवला होता, त्यांनी तो बाहेर काढला. ‘पुरवठा जितका घटला तितकीच विक्री घटली’ असे जो लिहितो, त्याने आकृती काढली आहे, पण ती वाचलेली नाही.

आता हेच आकृतीत बसवा. य अक्षावर किंमत, क्ष अक्षावर प्रमाण. मागणी वक्र मम आणि मूळ पुरवठा वक्र पप हे स बिंदूत छेदतात. नवा पुरवठा वक्र प१प१ डावीकडे, नवा छेद स१. जुन्या किमतीची आडवी रेषा स पासून य अक्षाकडे जाते आणि वाटेत प१प१ ला एका बिंदूत कापते. त्या बिंदूला अ म्हणा. अ ते स हे अंतर म्हणजे आपला २०० क्विंटलचा तुटवडा. बहुतेक मुलांच्या आकृतीत अ हा बिंदू असतोच, कारण रेषा ओढली की तो आपोआप तयार होतो. पण त्याला नाव दिलेले नसते आणि मजकुरात त्याचा उल्लेख नसतो. माझा अनुभव असा की सात आणि चार गुणांतला वाद बहुतांशी या एका बिंदूवर मिटतो.

कारण उत्तराची साखळी तिथूनच फिरते. पहिली कडी: अतिवृष्टीने पीक घटले, म्हणून प्रत्येक किमतीला विक्रेते पूर्वीपेक्षा कमी माल विकायला तयार होतात, म्हणून पुरवठा वक्र डावीकडे सरकतो. दुसरी: जुन्या किमतीला मागणी तेवढीच राहते, पुरवठा कमी होतो, म्हणून तुटवडा. तिसरी: माल अपुरा असल्याने घेणाऱ्यांत चढाओढ लागते आणि किंमत वर जाऊ लागते. चौथी: किंमत चढली तसा मागणीत संकोच होतो, नव्या पुरवठा वक्रावर विस्तार होतो, आणि तुटवडा संपेल तिथे किंमत थांबते. चार कड्या, चार गुण. उरलेल्या चारांपैकी दोन आकृतीला, एक सुरुवातीच्या मांडणीला, म्हणजे समतोल कशाला म्हणतात आणि काय स्थिर धरले आहे याला, आणि एक शेवटच्या विवेचनाला. ही वाटणी माझी आहे, सरावासाठीची. बोर्डाची उत्तरपत्रिका तपासायला घेतली की तिथे दिलेल्या सूचनेप्रमाणेच चालायचे. पण वर्षभर मुलांना घडवताना अर्धे गुण साखळीला ठेवा, कारण अर्थशास्त्र तिथेच घडते.

आता प्रत्यक्ष एक उत्तर घेऊ. अनेक पेपरांतले वळण एकत्र करून हे मी नमुन्यासाठी रचले आहे:

‘अतिवृष्टीमुळे हळदीचे उत्पादन घटते. त्यामुळे पुरवठा कमी होतो. पुरवठा वक्र डावीकडे सरकतो. आकृतीत दाखवल्याप्रमाणे पप हा मूळ पुरवठा वक्र असून प१प१ हा नवीन पुरवठा वक्र आहे. मम हा मागणी वक्र आहे. स हा मूळ समतोल बिंदू व स१ हा नवीन समतोल बिंदू आहे. त्यामुळे किंमत वाढते व प्रमाण कमी होते.’

आकृती अचूक आहे. अक्षांना नावे, वक्रांना नावे, बाण डावीकडे. दोन गुण पक्के. पहिली कडी जवळजवळ आहे, ‘प्रत्येक किमतीला’ एवढे शब्द राहिले, पण वक्र सरकल्याचे लिहिले असल्याने मी तो गुण देतो. त्यानंतरच्या तीन वाक्यांत काय आहे? आकृतीत जे दिसते त्याचीच यादी. हा वक्र अमुक, तो बिंदू तमुक. हे आकृतीचे वर्णन झाले, स्पष्टीकरण नव्हे, आणि त्याचे गुण आकृतीला मिळून चुकले आहेत. ते पुन्हा मजकुराला दिले तर एकाच कामाचे दोनदा पैसे मोजल्यासारखे होते. शेवटचे वाक्य ‘त्यामुळे’ने सुरू होते, पण त्याआधी ज्यामुळे किंमत वाढावी असे काहीच नाही. समतोल बिंदू बदलला म्हणून किंमत वाढली, असे ते म्हणते. खरे तर किंमत वाढत गेली म्हणून बाजार नव्या बिंदूवर पोचला. कारण आणि परिणाम इथे उलटे झाले आहेत. दुसरी, तिसरी, चौथी कडी नाही. सुरुवातीची मांडणी नाही, विवेचन नाही. आठापैकी तीन.

तीन हा आकडा पाहून पुष्कळांचा जीव कळवळतो. आकृती एवढी छान, चूक एकही नाही, मग तीनच कसे? म्हणून गुणासोबत खूण लागते. मुद्रितशोधक राहिलेला शब्द दाखवायला हंसपद घालतात, तेच मी वापरतो. ‘स१ हा नवीन समतोल बिंदू आहे’ आणि ‘त्यामुळे किंमत वाढते’ या दोन वाक्यांच्या मधे लाल हंसपद, आणि समासात एक प्रश्न: ‘८,००० ला किती घेणारे परत गेले?’ ‘स्पष्टीकरण अपुरे’ हा शेरा मुलाला काही सांगत नाही. अपुरे कुठे, हे त्याला शोधता आले असते तर त्याने ते लिहिलेच असते. हंसपद जागा दाखवते आणि प्रश्न कडी दाखवतो.

दुसरे उत्तर बघा. आकृती हाताने काढलेली, पट्टी नाही, प१प१ थोडा वाकडा. क्ष अक्षाला नाव लिहायचे राहून गेले. मजकूर असा: ‘पावसाने हळद सडली. आधी ज्या भावाला जेवढा माल यायचा तेवढा आता येत नाही म्हणून पुरवठ्याची रेघ डावीकडे गेली. जुन्या भावाला घेणारे तेवढेच आहेत पण माल अ एवढाच आहे. मोंढ्यात माल कमी आला की व्यापारी एकमेकांच्या वर बोली लावतात, भाव चढतो. भाव चढला की काहीजण कमी घेतात आणि ज्यांच्या घरात कट्टे आहेत ते विकायला आणतात. असे करत स१ ला दोन्ही सारखे होतात.’

पुस्तकी शब्द जवळपास नाहीत. तुटवडा, संकोच, विस्तार यांतला एकही शब्द आलेला नाही. पण चारही कड्या आहेत, क्रमाने आहेत, आणि अ या बिंदूकडे विद्यार्थ्याने बोट दाखवले आहे. चारपैकी चार. आकृतीचा एक, कारण अक्षाला नाव नाही. मांडणीचा आणि विवेचनाचा शून्य. आठापैकी पाच. सुबक उत्तरापेक्षा दोन जास्त, आणि ते योग्यच आहे. मोंढ्यातली बोली हे तिसऱ्या कडीचे जितेजागते रूप आहे. लिलावात भाव कसा चढतो, हे शहरातल्या मुलाला कल्पनेने उभे करावे लागते, आपल्याकडच्या मुलाने ते पाहिलेले असते. पाहिलेले नीट जोडून लिहिले तर परिभाषा नाही म्हणून गुण कापू नका. समासात ‘यालाच मागणीतील संकोच म्हणतात’ एवढे लिहा. परिभाषा शिकवायची जागा ती.

परिभाषा नसली तरी चालते, पण चुकीची वापरली तर मात्र साखळी तुटते. सगळ्यात जास्त घोळ इथे होतो: ‘किंमत वाढल्यामुळे मागणीत ऱ्हास होतो, म्हणून मागणी वक्र डावीकडे सरकतो, त्यामुळे किंमत पुन्हा कमी होते.’ हे वाक्य फसवे आहे, कारण ते चांगले तर्कशुद्ध वाटते. एकामागून एक ‘म्हणून’ आणि ‘त्यामुळे’ येतात आणि घाईत तपासणारा बरोबरची खूण करून पुढे जातो. पण किंमत बदलली की आपण त्याच मागणी वक्रावर वर-खाली जातो. तो संकोच किंवा विस्तार. वक्रच सरकतो तो उत्पन्न, आवड, पर्यायी वस्तूंच्या किमती अशी किमतीखेरीज दुसरी गोष्ट बदलल्यावर. तो ऱ्हास किंवा वृद्धी. मुलाने किमतीच्या बदलावर वक्र हलवला, तर पुढे किंमत पुन्हा उतरते, मग पुन्हा मागणी वाढते, आणि उत्तर कुठेच थांबत नाही. ओळखण्याची सोपी युक्ती अशी: मजकूर वाचताना एक बोट आकृतीवर ठेवा. प्रत्येक वाक्याला बोट कुठे जायला हवे? ‘संकोच’ म्हटले की बोट मम वर स पासून स१ कडे सरकले पाहिजे. ‘वक्र सरकतो’ म्हटले आणि आकृतीत तसा दुसरा मागणी वक्रच नसेल, तर मजकूर आणि आकृती दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगत आहेत. ज्या वाक्याला बोट हलतच नाही, ते वाक्य बहुतेक वेळा निव्वळ भर असते.

आकृती आणि मजकूर एकमेकांना छेद देतात तेव्हा काय करायचे, हा प्रश्न मला तरुण सहकारी नेहमी विचारतात. समजा मुलाने घाईत पुरवठा वक्र उजवीकडे सरकवला. आता मजकुरात त्याने आपल्या आकृतीला धरून लिहिले की किंमत घटते, तर चूक एक आहे, ती आकृतीत झाली. आकृतीचा सरकण्याचा गुण कापा, आणि पहिल्या कडीचा. पुढे त्या चुकीच्या वक्रावरून तर्क नीट चालवला असेल, जास्तीचा माल, विक्रेत्यांची चढाओढ, किंमत खाली, तर त्या कड्यांचे गुण द्या. एकाच चुकीची शिक्षा पाच ठिकाणी करायची नाही. पण आकृती उजवीकडे आणि मजकूर ‘किंमत वाढते’ असे म्हणतो, तर मुलाने निष्कर्ष पाठ केला आहे आणि आकृतीही पाठ केली आहे, दोन्ही वेगवेगळ्या धड्यांतून. इथे निष्कर्षाचे वाक्य बरोबर असले तरी त्याला गुण नाही, कारण ते आधीच्या कशातूनही निघत नाही. हे कठोर वाटेल, पण त्या मुलाला आत्ताच थांबवले नाही तर पुढच्या प्रत्येक प्रश्नात तो अंदाजाने ठोकत राहील.

अक्षांची अदलाबदल ही मात्र मी चूक मानत नाही. गणितात कारण क्ष अक्षावर आणि परिणाम य अक्षावर मांडतात. मागणीच्या नियमात किंमत हे कारण, म्हणजे गणितवाला मुलगा किंमत आडव्या अक्षावर घेणार. आपण ती उभ्या अक्षावर घेतो, ती आल्फ्रेड मार्शल यांच्या १८९० च्या ग्रंथापासून रूढ झालेली प्रथा. अक्षांना नावे बरोबर असतील आणि वक्र त्याप्रमाणे असतील, तर घरच्या परीक्षेत पूर्ण गुण द्या आणि वर्गात प्रथा सांगा. बोर्डात ती पाळ, हेही सांगा. अक्षांना नावच नसेल, तर मात्र गुण कापायलाच हवा. नाव नसलेल्या अक्षांमधल्या दोन तिरक्या रेषांना काही अर्थ नाही.

शेवटचा एक गुण विवेचनाचा. बहुतेक वेळा तो ‘अशा प्रकारे किंमत ठरते’ या वाक्याला दान केला जातो. तो गुण जे उत्तर आपल्याच निष्कर्षाची मर्यादा दाखवते त्याला द्या. आपल्या आकड्यांत पावसापूर्वी विक्रीतून ६०० क्विंटलचे ४८ लाख रुपये येत होते, नंतर ५०० क्विंटलचे ५० लाख आले. किंमत २५ टक्के चढली, मागणी १६ ते १७ टक्केच घटली, म्हणजे मागणी कमी लवचिक आहे. हे लिहिणाऱ्याने लवचिकतेचा धडा इथे आणून जोडला. आणि पुढे जाऊन कोणी लिहिले, ‘पण ज्याचे शेत वाहून गेले त्याला या वाढलेल्या भावाचा काही उपयोग नाही’, तर तो गुण मी आनंदाने देतो. आकृती बाजार दाखवते, बाजारातला एकेक शेतकरी दाखवत नाही. ही मर्यादा त्या मुलाने नेमकी पकडली.

दुसरी मर्यादा वेळेची, आणि हळदीत ती ठळक दिसते. मे-जूनमध्ये लावलेली हळद पुढच्या वर्षी जानेवारीपासून निघते. मग ती शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची. जुलैच्या पावसाने शेतातली हळद सडली तरी त्या महिन्यात मोंढ्यात येणारा माल गेल्या हंगामाचाच असतो. तरीही भाव लगेच हलू शकतो. २०२३ च्या पावसाळ्यात हळदीचे भाव वर्षारंभीच्या दुपटीवर गेले तेव्हा त्या वर्षीचे नवे पीक अजून जमिनीत होते. लागवड कमी झाल्याच्या आणि पाऊस ओढ देईल या बातम्यांनी माल धरून ठेवणाऱ्यांचा हात आखडला. म्हणजे पुरवठा वक्र डावीकडे सरकला खरा, पण पीक घटल्यामुळे नव्हे, तर ते घटेल या अपेक्षेमुळे. ‘पीक कमी आले म्हणून आज माल कमी’ या पहिल्या कडीत जो विद्यार्थी ‘पुढे भाव वाढेल या अपेक्षेने विक्रेते माल राखतात’ एवढी भर घालतो, त्याला विवेचनाचा गुण तिथेच देऊन टाका, मग शेवटी त्याने काही लिहिलेले असो वा नसो. गुण कुठल्या ओळीला द्यायचा, याला महत्त्व नाही. विचार कुठे आहे, याला आहे.

तपासण्याच्या रीतीबद्दल दोनच गोष्टी. सगळ्या पेपरांतला हा प्रश्न एकदम तपासा, पेपर संपवत पुढे जाऊ नका. आधीच्या प्रश्नांतले गुण पाहून आपले मत नकळत बनते आणि हुशार मुलाच्या तुटलेल्या साखळीत आपणच कडी भरतो. आणि पहिले पाच-सहा पेपर तपासून झाले की ते बाजूला ठेवा, गठ्ठ्याच्या शेवटी पुन्हा उघडा. सुरुवातीला माझा हात सैल असतो, निम्म्या गठ्ठ्यानंतर आवळतो. दुसऱ्या वेळी त्याच उत्तराला एखादा गुण इकडेतिकडे झालेला आढळला, की मी मधले सगळे पेपर त्या नजरेने पुन्हा चाळतो.

पेपर परत देताना मी गुणांची बेरीज आधी सांगत नाही. हंसपद असलेल्या जागी, माझ्या प्रश्नाच्या खाली, प्रत्येकाने पेन्सिलने दोन ओळी लिहायच्या, मग बेरीज. गेल्या वर्षी तीन गुण मिळालेल्या एका मुलीने ‘८,००० ला किती घेणारे परत गेले?’ याखाली लिहिले: ‘२०० क्विंटल मागणारे. ते परत गेले नाहीत सर, त्यांनी जास्त बोली लावली.’ दुसरी आणि तिसरी कडी तिने एका ओळीत जोडली होती. मी आकडा तीनच ठेवला, आणि त्या ओळीखाली तारखेसह सही केली.